दहा मिनिटं चालून थांबणारी मोटर

बोअरची मोटर सुरू होते, पाइपाला पाणी येतं, सरीत उतरायला लागतं आणि दहा-पंधरा मिनिटांत स्टार्टरच्या पेटीतून ‘खट्’ असा आवाज येऊन सगळं थांबतं. थोड्या वेळाने लाल बटण दाबून पुन्हा चालू केली की पुन्हा तेवढाच वेळ चालते. कोरडवाहू भागातल्या शेतकऱ्याला हा प्रकार चांगला माहीत आहे. अशा वेळी कारणांचे अंदाज भराभर निघतात. पाणी संपलं, वायंडिंग गेलं, कंपनीने माल खराब दिला, लाइट कमी आहे, असं प्रत्येकजण काहीतरी सांगतो. मग चेनकप्पी लावून मोटर वर काढली जाते. दीडशे मीटर खोलवरून पंप वर काढणं आणि परत सोडणं यात मजुरी जाते, दिवस जातो आणि उभं पीक सुकतं. पुष्कळदा वर आलेली मोटर ठणठणीत निघते, कारण दोष मोटरीत नसतोच.

माझं म्हणणं असं की, मोटर वर काढण्याआधी स्टार्टरच्या पेटीपाशीच या दुखण्याचा बराचसा उलगडा होतो. त्यासाठी दोन गोष्टी बघाव्या लागतात. रिले किती वेळाने सुटला ही एक, आणि चालू मोटरीच्या तिन्ही तारांतून किती करंट जात होता ही दुसरी.

आधी रिलेचं काम समजून घेऊ. ओव्हरलोड रिलेमध्ये तीन पट्ट्या असतात, प्रत्येक फेजला एक. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटवून ही पट्टी बनवतात. मोटरीचा करंट या पट्टीजवळून जातो आणि तिला तापवतो. दोन्ही धातू तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून पट्टी वाकते. ठरलेल्या हद्दीपलीकडे वाकली की ती एक छोटा संपर्क उघडते. त्या संपर्कातूनच कॉन्टॅक्टरच्या कॉइलला वीज मिळत असते. कॉइल सुटली की मोटर बंद होते. रिलेला पाणी दिसत नाही, खोली कळत नाही, मोटरीचं तापमानही कळत नाही. आपल्यातून जाणाऱ्या करंटची ऊब तेवढी त्याला समजते.

करंट जितका जास्त, तितकी पट्टी लवकर तापते. त्यामुळे सुटायला लागलेला वेळ हेच एक मोजमाप ठरतं. पाणबुडी मोटरीला ‘क्लास १०’ जातीचा, म्हणजे चटकन सुटणारा रिले लावावा लागतो, कारण ती मोटर बारीक असते आणि झपाट्याने तापते. रिलेच्या डायलवर जो आकडा लावला आहे, त्याच्या १.०५ पट करंट वाहिला तर दोन तासांतही त्याने सुटू नये, असा दंडक आहे. १.२ पट झाला तर दोन तासांच्या आत सुटायलाच हवा. दीडपट झाला तर चालून गरम झालेला क्लास १० चा रिले चार मिनिटांच्या आत सुटतो. आणि मोटर पूर्ण अडकून सातपट करंट ओढू लागली तर थंड रिलेही चार ते दहा सेकंदांत सुटतो.

म्हणजे बटण दाबल्यावर पाच-सात सेकंदांत ट्रिप होत असेल तर मोटर फिरतच नाही असं समजावं. पंप वाळूने जाम झालेला असेल किंवा सुरुवातीपासूनच एक फेज नसेल. दहा-वीस मिनिटांनी ट्रिप होत असेल तर करंट थोडाच जास्त आहे, साधारण सव्वापट. दोन-तीन मिनिटांत होत असेल तर दीड-पावणेदोन पट. हा वेळ घड्याळ लावून बघावा आणि लिहून ठेवावा. ‘थोड्या वेळाने बंद पडते’ एवढ्यावर कोणताही वायरमन नीट निदान करू शकत नाही.

दुसरं मोजमाप टाँग टेस्टरचं. हा मीटर तारेभोवती चिमट्यासारखा अडकवला की तार न तोडता करंट वाचता येतो. मोटर चालू असताना तिन्ही तारांचा करंट एकामागून एक घ्यायचा, दोन-तीन मिनिटांच्या अंतराने पुन्हा घ्यायचा, अगदी ट्रिप होईपर्यंत. उघड्या पेटीत चारशे व्होल्ट असतात, तेव्हा हे काम माहीतगार वायरमननेच करावं. शेतकऱ्याने आकडे वहीत उतरवून घ्यावेत.

आता एक उदाहरण धरू. बार्शीच्या बाजूला एक पाच हॉर्सपॉवरची, थ्री-फेज पाणबुडी मोटर आहे. तिच्या नेमप्लेटवर ४१५ व्होल्ट आणि १०.५ अँपिअर लिहिलंय. रिलेही १०.५ वरच लावलेला आहे. ही मोटर आधी जुन्या बोअरमध्ये होती. तो बोअर स्टार्टरपासून साठ मीटरवर होता आणि मोटर नव्वद मीटर खोल सोडली होती. तिथे ती कित्येक वर्षं बिनतक्रार चालली. पुढे जुन्या बोअरचं पाणी आटलं आणि वावराच्या दुसऱ्या टोकाला नवा बोअर घेतला. स्टार्टर मीटरपाशीच राहिला. आता स्टार्टरपासून बोअरपर्यंत ३५० मीटर आणि बोअरमध्ये १५० मीटर अशी ५०० मीटर केबल झाली. जुनी केबल अडीच चौरस मिलिमीटरची होती, तिलाच त्याच जाडीचा तुकडा जोडला. मोटर तीच आणि केबल त्याच जातीची, तरी आता ती बारा-पंधरा मिनिटांनी ट्रिप मारते.

टाँग टेस्टर लावल्यावर तिन्ही तारांत १३ अँपिअरच्या आसपास करंट दिसतो. एका तारेत १२.८, दुसरीत १३.१, तिसरीत १३. एवढ्यावरून दोन गोष्टी हातात येतात. एक, तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत, म्हणजे फेज गेलेला नाही आणि वायंडिंगचं एखादं वेटोळंही जळालेलं नाही. दोन, करंट सेटिंगच्या १.२४ पट आहे आणि तेवढ्याला रिले दहा-पंधरा मिनिटांत सुटणं स्वाभाविक आहे. तेव्हा रिलेत दोष नाही. मोटर खरोखरच जास्त करंट ओढते आहे.

मोटर जास्त करंट का ओढते? पंपाला ठराविक पाणी ठराविक उंचीवर चढवायचं असतं आणि त्यासाठी ठराविक ताकद लागते. व्होल्टेज कमी मिळालं तर तेवढीच ताकद काढायला मोटर जास्त करंट घेते. दिव्याचं तसं नाही, व्होल्टेज पडलं की तो मंद होतो आणि करंटही कमी घेतो. मोटरीच्या बाबतीत नेमकं उलटं होतं, आणि इथेच पुष्कळांचा गोंधळ उडतो. ‘लाइट कमी आहे, म्हणजे मोटरीवर ताण कमी’ असं वाटतं, पण कमी व्होल्टेजनेच मोटर तापते.

स्टार्टरपाशी चालू मोटरीवर दोन फेजमधलं व्होल्टेज ३९५ आहे. यावर वायरमन म्हणतो, ‘व्होल्टेज बरोबर आहे, मोटर काढा.’ पण मोटर स्टार्टरपाशी नाही, ती पाचशे मीटर तारेच्या पलीकडच्या टोकाला आहे. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला किलोमीटरला साधारण ८ ओहम रोध असतो. पाचशे मीटरला झाला ४ ओहम. थ्री-फेजमध्ये तारेत किती व्होल्टेज पडतं ते काढायला १.७३, करंट, एका तारेचा रोध आणि पॉवर फॅक्टर यांचा गुणाकार करतात. पाणबुडी मोटरीसाठी पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर हिशेब असा होतो:

१.७३ × १३ × ४ × ०.८ = साधारण ७२ व्होल्ट

म्हणजे मोटरीच्या तोंडाशी ३९५ नव्हे, ३२३ व्होल्ट पोचतात. ४१५ व्होल्टच्या पाणबुडी मोटरीला पंधरा टक्क्यांपर्यंत कमी व्होल्टेज चालतं. ते होतात ३५३. ही मोटर त्याच्याही तीस व्होल्ट खाली राबते आहे. जुन्या बोअरला दोन्ही मिळून दीडशे मीटर केबल होती आणि तीत जेमतेम सोळा-सतरा व्होल्ट पडत होते, म्हणून तिथे कधी कळलं नाही.

हा हिशेब खरा आहे का, ते मोटर न काढता तपासता येतं. बोअरच्या तोंडाशी केबलचा जोड असतो. तिथे मोटर चालू असताना व्होल्टेज मोजायचं. साडेतीनशे मीटरमध्ये ५० व्होल्ट पडायला हवेत, म्हणजे तिथे ३४५ च्या आसपास दिसायला हवेत. तसे दिसले तर दोष केबलचा ठरला. आकडा याहून बराच कमी आला, तर वाटेत कुठे तरी सैल किंवा गंजलेला जोड आहे. असा जोड हात लावण्याआधी वीज बंद करून तपासावा, तो बहुधा कोमट लागतो आणि त्याची टेप वितळलेली असते. मोजमाप चालू मोटरीवरच करावं. मोटर बंद असताना तारेतून करंट जात नाही, त्यामुळे व्होल्टेज पडतच नाही आणि दोन्ही टोकांना सारखा आकडा दिसतो. निम्मी चुकीची निदानं बंद मोटरीवर घेतलेल्या मापांमुळे होतात, असं मला वाटतं.

उपाय टप्प्याटप्प्याने करता येतो. जमिनीवरची ३५० मीटर केबल बदलून १६ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची टाकली, तर तिचा किलोमीटरचा रोध १.९ ओहम असल्यामुळे त्या भागात जेमतेम दहा व्होल्ट पडतील. बोअरमधल्या जुन्या केबलीत अठराएक पडतील. मोटरीला ३६७ व्होल्ट मिळतील आणि करंट ११ च्या आत येईल. मोटर चालेल, पण काठावर. पुढे केव्हा तरी पंप वर काढण्याची वेळ आली की बोअरमधली केबल ६ चौरस मिलिमीटरची करावी. मग दोन्ही मिळून सतरा-अठरा व्होल्टच पडतील आणि मोटर साडेदहाच्या खाली निवांत चालेल. एकूण पडझड मोटरीच्या व्होल्टेजच्या पाच टक्क्यांत, म्हणजे वीसेक व्होल्टमध्ये बसवावी, हा चांगला दंडक आहे. बोअर लांब गेला किंवा मोटर खोल सोडली, तर केबलच्या जाडीचा हिशेब पुन्हा करायलाच हवा. दुकानदार हॉर्सपॉवर विचारून केबल देतो. त्याला अंतर आणि खोली आपण सांगायची असते.

इथे एक शंका राहते. तिन्ही फेजला सारखाच जास्त करंट दुसऱ्या कारणानेही येऊ शकतो. पंपात वाळू अडकली, बुश झिजून इंपेलर घासू लागले, तर मोटर व्होल्टेज पुरेसं असूनही जास्त ओढते. ओळखायची खूण अशी की रात्री उशिरा, आजूबाजूच्या मोटरी बंद असताना, व्होल्टेज वाढतं. तेव्हा करंट लक्षात येण्याइतका उतरला तर दोष व्होल्टेजचा. व्होल्टेज वाढूनही करंट जागचा हलला नाही आणि पाणी गढूळ किंवा कमी येत असेल, तर पंप वर काढणंच भाग आहे.

आणखी एक कारण फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. भरपूर पावसानंतर बोअर वरपर्यंत भरतो. पंप मात्र उन्हाळ्याच्या खोल पाण्यासाठी निवडलेला असतो. उचल कमी झाल्यामुळे तो नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पाणी फेकतो, आणि बोअरच्या या अरुंद पंपांत जास्त पाणी म्हणजे मोटरीवर जास्त भार. त्यामुळे उन्हाळाभर नीट चाललेली मोटर भाद्रपदात ट्रिप मारू लागते. लोक चक्रावून जातात. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळून बघावा. करंट खाली आला तर कारण हेच. पाणी खाली जाईपर्यंत व्हॉल्व्ह तसाच ठेवावा, पण पूर्ण बंद करू नये.

आता त्याच पेटीपाशी दुसरं चित्र कल्पू. दोन तारांत १७-१८ अँपिअर आणि तिसरीत शून्य. हा गेलेला फेज. फ्यूज उडाला, डीपीवरचा जंप सुटला, कॉन्टॅक्टरचा एक पॉइंट जळाला किंवा केबलचा एक जोड निखळला, की असं होतं. चालत असलेली मोटर लगेच थांबत नाही. तीन तारांचं काम दोन तारांवर पडतं आणि त्यांचा करंट कमीत कमी १.७३ पट होतो, भरल्या भाराला दुपटीपर्यंतही जातो. दहाच्या जागी सतरा-अठरा. रिले नीट लावलेला असेल तर दोन-तीन मिनिटांत सुटतो. तोवर जास्तीचा करंट वाहणारी वायंडिंग भाजून निघते. अशी मोटर बंद करून पुन्हा चालू केली तर ती फिरत नाही, नुसती गुंगते आणि सेकंदांत ट्रिप मारते. आधी मिनिटांनी आणि पुन्हा चालू केल्यावर सेकंदांनी ट्रिप होणं, ही फेज गेल्याची अगदी विश्वासू खूण आहे.

फेज गेला तरी स्टार्टर आपोआप का पडत नाही? कारण कॉन्टॅक्टरची कॉइल दोनच फेजांवर असते. तिसरा गेला तर कॉइलला त्याचा पत्ताच नसतो. इथे मीटरही फसवतो. फिरत्या मोटरीतला चुंबकी प्रवाह गेलेल्या फेजच्या तारेतही व्होल्टेज तयार करतो. व्होल्टमीटर लावला तर ‘मेलेल्या’ फेजवरही साडेतीनशेच्या पुढचा आकडा येऊ शकतो, आणि वायरमन शपथेवर सांगतो की तिन्ही फेज आहेत. म्हणून चालू मोटरीवर फेज व्होल्टेजवरून ठरवू नये, करंटवरून ठरवावा. निव्वळ व्होल्टेज बघणारे स्वस्त सिंगल-फेज प्रिव्हेंटर याच कारणाने कधीकधी गप्प राहतात. करंट बघणारा प्रिव्हेंटर थोडा महाग पडतो, पण तोच घ्यावा.

दोष डीपीच्या अलीकडे आहे की पलीकडे, हेही कळू शकतं. मोटर बंद ठेवून प्रत्येक फेज न्यूट्रलशी मोजावा. एक फेज साफ मेला असेल आणि बाकीचे दोन पूर्ण असतील, तर दोष बहुधा लघुदाबाच्या बाजूला, म्हणजे आपल्या बाजूच्या फ्यूजला किंवा तारेला आहे. एक फेज पूर्ण २३० आणि उरलेले दोन निम्मे, ११५ च्या आसपास दिसले, तर ट्रान्सफॉर्मरच्या अकरा हजार व्होल्टच्या बाजूला एक फेज गेलेला असतो. मग वीज कंपनीला नेमकं सांगता येतं. स्वतः डीओ टाकायला कुणी खांबावर चढू नये. असे मृत्यू दरवर्षी होतात आणि ते पूर्ण टाळता येण्यासारखे आहेत.

फेज पुरता जात नाही, पण तिरपा होतो, असंही पुष्कळदा घडतं. एकाच फेजवर घरांचा भार जास्त पडला की तीन व्होल्टेज वेगळी दिसतात, समजा ४००, ३८५ आणि ३७०. सरासरी ३८५, तिच्यापासूनचा फरक १५ व्होल्ट, म्हणजे चार टक्क्यांच्या आत. फरक किरकोळ वाटतो. पण व्होल्टेजमधला असा फरक करंटमध्ये सहा ते दहा पटींनी वाढून उमटतो, आणि एका तारेत १३ तर दुसरीत ८ अँपिअर दिसतात. तेरावाली पट्टी तापते आणि रिले सुटतो.

तीन तारांत करंट असा असमान असेल, तर दोष लाइनचा की मोटरीचा? यासाठी एक सुंदर युक्ती आहे. वीज बंद करून मोटरीकडे जाणाऱ्या तिन्ही तारा एकेक घर पुढे सरकवायच्या. पहिली दुसरीच्या जागी, दुसरी तिसरीच्या, तिसरी पहिलीच्या. अशी फिरवाफिरव केली तर मोटरीची फिरण्याची दिशा बदलत नाही. दोनच तारांची अदलाबदल केली तर मात्र मोटर उलटी फिरते. आता पुन्हा करंट मोजायचा. जास्त करंट लाइनच्या त्याच फेजवर राहिला तर दोष लाइनचा. तो मोटरीच्या तारेबरोबर सरकला तर दोष केबलचा किंवा वायंडिंगचा. मोटर वर काढायची की वीज कंपनीकडे तक्रार करायची, हा प्रश्न या तपासणीने सुटतो.

तिसरं चित्र पाण्याचं. आपल्याकडच्या बेसॉल्ट खडकात पाणी सगळीकडे सारखं मुरलेलं नसतं, ते ठराविक थरांत आणि भेगांतून येतं. बोअरमध्ये साठलेलं पाणी पंप वीस मिनिटांत उपसतो, झरा मात्र तेवढं पाणी तेवढ्या वेळात देत नाही. मग पाइप गुळण्या टाकू लागतो, पाण्याबरोबर हवा फेकतो. लोकांचा समज असा की पाणी संपलं की मोटर ‘लोड घेते’ आणि ओव्हरलोडने ट्रिप होते. प्रत्यक्षात पाणी संपलं की करंट कमी होतो. उचलायला पाणीच नसेल तर भार कशाचा? आपल्या उदाहरणातली दहा अँपिअरची मोटर कोरडी पडली तर साडेपाच-सहावर येते, आणि हवा-पाणी एकत्र येत असताना काटा नाचतो.

याचा अर्थ गंभीर आहे. कोरड्या चाललेल्या मोटरीला ओव्हरलोड रिले वाचवत नाही. त्याच्या दृष्टीने सगळं छान चाललेलं असतं. खाली मात्र पंपाचे रबरी बुश पाण्यावाचून घासत असतात, कारण त्यांना वंगण पाण्याचंच असतं. मोटरही पाण्याच्या प्रवाहाने थंड होते आणि तो प्रवाह थांबला की ती आतून तापत जाते. अखेरीस इंपेलर अडकू लागले की करंट चढतो आणि मग रिले सुटतो. तेव्हा लोक म्हणतात, बघा, पाणी संपलं म्हणून ट्रिप झाली. खरं तर तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं. ट्रिप होण्याआधी करंट आधी उतरला आणि मग चढला, अशी नोंद मिळाली तर कोरडं चालणं हेच मूळ कारण धरावं.

कोरड्या चालण्यासाठी वेगळं राखण लागतं. करंट ठराविक मर्यादेखाली गेला की मोटर थांबवणारा ड्राय-रन रिले मिळतो. पाणी भरपूर असतानाच्या करंटच्या साधारण सत्तर टक्क्यांवर तो लावावा. आपल्या मोटरीला तो सातच्या आसपास येईल. त्यात पुन्हा चालू होण्याआधीचा वेळही लावता येतो. बोअर भरायला पाऊण तास लागत असेल तर तेवढा वेळ द्यावा. व्हॉल्व्ह आवळून पंपाचं पाणी झऱ्याच्या आवकेइतकं ठेवणं, हा याहून स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे. पाणी कमी दिसलं तरी ते सलग मिळतं.

इथे रिलेची आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. झरा पंपाच्या वर असेल तर पाणी वरून येऊन थेट पंपात शिरतं. मोटर पंपाच्या खाली असते, तिच्या अंगावरून पाणी वाहतच नाही. गाळात रुतलेल्या मोटरीचंही तेच होतं. करंट बरोबर, पाणी बरोबर, रिले गप्प आणि मोटर दर दोन-तीन वर्षांनी जळते. अशा बोअरमध्ये मोटरीभोवती नळकांड्यासारखं आवरण बसवतात, म्हणजे पाणी आधी मोटरीवरून घासून मग पंपात जातं.

तिन्ही करंट नेमप्लेटपेक्षा कमी, पाणी सलग आणि तरीही रिले सुटतो, असंही कधी घडतं. तेव्हा पेटीतच बघावं. रिलेच्या टर्मिनलचा स्क्रू सैल असेल तर तिथेच उष्णता तयार होते आणि पट्टी त्या उबेने वाकते. स्क्रूभोवती काळवंडलेली तार दिसली की कारण सापडलं. उन्हात उभी असलेली पत्र्याची पेटीही यात भर घालते.

शेवटी सगळ्यात घातक उपायाबद्दल. रिले सारखा सुटतो म्हणून त्याचा डायल साडेदहावरून चौदावर फिरवणं. मोटर चालू राहते, शेतकऱ्याला हायसं वाटतं आणि महिन्याभरात वायंडिंगचा खर्च येतो. डायल नेमप्लेटच्या करंटवर असावा, त्याच्या वर कधीच नाही. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले मोटरीच्या वायंडिंगच्या तारांत असेल तर तो आकडा नेमप्लेटच्या ०.५८ पट येतो. तिथे पूर्ण आकडा लावला तर रिले असून नसल्यासारखा होतो. काही रिलेंवर हाताने की आपोआप परतायचं हे ठरवणारी कळ असते. ती आपोआपवर असेल आणि वर ऑटो स्विचही बसवलेला असेल, तर रिले सुटतो, थंड होतो, मोटर पुन्हा सुरू होते, पुन्हा सुटतो. रात्रीच्या पाळीच्या लाइटीत मालक घरी झोपलेला असताना हे चक्र पहाटेपर्यंत चालतं. दर वेळी सुरू होताना पाच-सहा पट करंट वायंडिंगमधून जातो. त्यात खालचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळका असेल तर पाइपातलं पाणी मागे पडताना पंपाला उलटं फिरवत असतं, आणि त्या उलट्या फेऱ्यातच मोटर सुरू झाली तर शाफ्टच तुटतो. कळ हातावर ठेवावी. रिले सुटला तर कुणीतरी पेटीपाशी जाऊन कारण बघायलाच हवं.

नवी किंवा दुरुस्त केलेली मोटर बोअरमध्ये सोडली की त्याच दिवशी, पाणी नीट येत असताना, तिन्ही तारांचा करंट, स्टार्टरपाशी आणि बोअरच्या तोंडाशी चालू मोटरीचं व्होल्टेज, मोटरीची खोली, केबलची जाडी आणि तारीख स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून घ्यावी. सहा महिन्यांनी मोटर ट्रिप मारेल तेव्हा वायरमनला आजचे आकडे ताडून बघायला तेच लागतील.